सात जणांचं घर, एकाचा पगार: कामाची वाट बदलण्याआधी काय मोजायचं

घरात कमावणारे तुम्ही एकटे असाल आणि खाणारी तोंडं सहा-सात असतील, तर "कोणत्या कामात पुढे जास्त पैसा आहे" या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी विचारायचं ते हे: ही वाट धरली आणि पहिलंच वर्ष वाईट गेलं, तर घराचं काय होईल? प्रत्येक वाटेचं वाईट वर्ष कागदावर मांडायचं आणि त्यात घर तगणार असेल तरच त्या वाटेच्या चांगल्या वर्षाकडे बघायचं. माझं मत या बाबतीत पक्कं आहे. एकट्या माणसाला पडून पुन्हा उभं राहता येतं. तुमच्या घरात मात्र तुमच्याबरोबर वडिलांचं औषध आणि मुलांची शाळाही पडते.

हे हवेत राहू नये म्हणून एक घर धरून चालू. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी टर्निंगच्या मशीनवर काम करणारा, आयटीआय झालेला, एकतीस वर्षांचा ऑपरेटर. या कंपनीत चार वर्षं झालीत, पर्मनंट आहे. घरी बायको, दोन मुलं, आई, अडुसष्ट वर्षांचे वडील आणि जीएनएम नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली धाकटी बहीण. त्याच्यासह सात जण. आकडे उदाहरणाचे आहेत, पण मांडणी कुठल्याही घराला लागू पडेल. तुमचे आकडे घालून सोबत हिशेब करत चला.

पायरी १: घराचा किमान खर्च काढा

आधी सध्या महिन्याला काय जातं ते लिहा. आपल्या उदाहरणात भाडं आणि वीज मिळून ६,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १०,०००, वडिलांची शुगर आणि बीपीची औषधं २,०००, मुलांची शाळा २,०००, बहिणीची फी वर्षाला ३०,००० म्हणजे महिन्याला २,५००, पेट्रोल आणि मोबाइल २,०००, गाडीचा हप्ता २,५००. बेरीज २७,०००.

आता त्यातलं फार अडचणीच्या महिन्यात काय कमी होऊ शकतं ते बघा. किराण्यातून दीड हजार आणि पेट्रोल-मोबाइलमधून पाचशे, याहून जास्त काही निघत नाही. भाडं, औषध, फी, हप्ता यांना हात लावता येत नाही. म्हणजे किमान २५,०००.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच हिशेब चुकतो. जूनमध्ये वह्या-पुस्तकं आणि गणवेश येतात, दिवाळी येते, गावाकडचं लग्न किंवा दहावा येतो. हे खर्च महिन्याच्या यादीत दिसत नाहीत, पण दरवर्षी न चुकता येतात. आपण ते वर्षाला ३०,००० धरू. बाराने भागले की २,५००. म्हणजे या घराचा खरा किमान खर्च २७,५०० झाला.

आता पगार. ओव्हरटाइम म्हणजे ओटी धरून हातात २८,००० येतात. ओटी काढली तर २४,५००. ही पगाराची दुसरी रक्कम वेगळी लिहून काढा, कारण मंदी आली की कंपनी आधी ओटी बंद करते, नोकरी नंतर जाते. या घराचा किमान खर्चही निव्वळ पगारात भागत नाही, हे आकड्यातून समोर येतं. वर्षाचा जमाखर्च मांडला तर २८,००० गुणिले १२ अधिक २०,००० बोनस, म्हणजे ३,५६,००० जमा. खर्च नेहमीच्या हाताने ३,५४,०००. उरले दोन हजार. घर चाललं आहे, हातउसने कुणाकडून घेतलेले नाहीत, तरीही तीन महिने ओटी बंद झाली की ते तुटीत जातं. मग वाट बदलण्याची गोष्ट पुढची, आधी आहे त्या वाटेवरचाच धोका कमी करायला हवा.

पायरी २: हातात किती महिने आहेत ते मोजा

बँकेत ४०,००० आहेत. किमान खर्चाने भागलं तर जेमतेम दीड महिना. यात बायकोचं सोनं धरू नका. पीएफची रक्कमही धरू नका, कारण ती म्हातारपणाची आहे. ती आत्ताच हिशेबात घेतली की आपण आहोत त्यापेक्षा भक्कम वाटायला लागतो.

एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला माझ्या मते किमान खर्चाचे सहा महिने बाजूला हवेत, म्हणजे इथे १,६५,०००. दोघं कमावतात त्या घरात एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याचा पगार चालू असतो, तिथे तीन महिने पुरतात. तुमच्याकडे तो दुसरा पगार नाही.

आकडा बघून दचकू नका. तो कसा खाली येतो ते पुढच्या पायरीत आहे.

पायरी ३: घरातल्या माणसांचं कॅलेंडर करा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. एका कागदावर पुढची आठ-दहा वर्षं लिहा आणि प्रत्येक वर्षासमोर घरातल्या कुणाचा खर्च वाढणार, कुणाचा थांबणार, ते लिहा.

आपल्या घरात गाडीचा हप्ता चार महिन्यांनी संपतो. बहिणीचा कोर्स वर्षभरात संपतो आणि फी थांबते. वडील दोन वर्षांनी सत्तर पूर्ण करतील. मग उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतखाली त्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचाराचं कार्ड मिळू शकतं. मोठा मुलगा सहा वर्षांनी दहावीला असेल आणि तिथून खर्च चढायला लागेल.

कागदाकडे बघितलं की कळतं, घरावरचं ओझं सगळी वर्षं सारखं नसतं. पुढचं एक वर्ष जड आहे, त्यानंतरची चार-पाच वर्षं हलकी आहेत आणि मग पुन्हा चढ आहे. जोखमीचं पाऊल टाकायचं असेल तर ते त्या हलक्या वर्षांत. तेच पाऊल आज टाकलं तर घर मोडू शकतं आणि दोन वर्षांनी टाकलं तर घर ते पेलतं. मेहुण्याने किंवा मित्राने अमुक वयात धंदा टाकला म्हणून तुम्हालाही त्याच वयात टाकायला हवा असं काही नाही. त्याच्या घरचं कॅलेंडर वेगळं होतं.

बहिणीबद्दल एक सांभाळा. कोर्स संपला की लगेच पगार सुरू होत नाही. निकाल, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि मग नोकरी, यात काही महिने जातात. पगार सुरू झाला तरी तो तिचा आहे. तिचं लग्न होऊ शकतं, तिला पुढे शिकायचं असेल. त्यामुळे तिच्या पगारावर घराचा हिशेब बांधू नका. तिची फी थांबली, एवढंच जमेला धरा. ती स्वतःहून घरात काही देईल ते वरचं.

आता किमान खर्च पुन्हा मोजा. हप्ता संपला की २७,५०० चे २५,००० होतात. फी थांबली की २२,५००. त्यात पुढच्या पायरीतला विम्याचा हप्ता महिन्याला साधारण ८०० मिळवला तर २३,३००. सहा महिन्यांची गरज १,६५,००० वरून १,४०,००० वर आली, तीही कुणाच्या ताटातलं काही न काढता.

पायरी ४: वाट बदलण्याआधी कवच घ्या, नंतर नाही

इथे क्रम महत्त्वाचा आहे. नोकरीबरोबर काही संरक्षणं गुपचूप मिळत असतात आणि नोकरी सुटली की तीही सुटतात. पीएफ कापला जात असेल तर सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत विमा मिळतो. हा विमा नोकरीशी बांधलेला आहे. कंपनीचं मेडिक्लेमही बहुधा शेवटच्या दिवशी संपतं.

सगळ्यात आधी टर्म इन्शुरन्स. पैसे परत मिळणारी पॉलिसी नको, साधा टर्मच. तंबाखू न खाणाऱ्या तिशीतल्या माणसाला ५० लाखांचं कवच साधारण महिन्याला हजाराच्या आत बसतं. ५० लाख का? ते ठेवीत ठेवले आणि सहा टक्के मिळाले तर वर्षाला ३ लाख येतात, म्हणजे घराच्या किमान खर्चाच्या जवळपास. गुटखा किंवा तंबाखू खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा. हप्ता वाढेल, पण लपवलं आणि क्लेम नाकारला गेला तर भरलेलं सगळं पाण्यात जातं.

पुढे कधी धंद्यासाठी कर्ज काढायचा विचार असेल, तर ही पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या. प्रस्ताव भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही. अशा पॉलिसीचे पैसे बायको-मुलांच्या हक्काचे राहतात, धंद्याचे देणेकरी त्यावर हात टाकू शकत नाहीत. आई-वडिलांना मात्र यात लाभार्थी करता येत नाही, त्यांच्यासाठी लहानशी वेगळी पॉलिसी बघा. बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती (वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कवच) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख) ही दोन्ही लगेच सुरू करता येतात. मशीनवर काम करणाऱ्याने वीस रुपयांचा तो विमा सोडण्यासारखा नाही. आणि दरवर्षी मे अखेरीस खात्यात पैसे आहेत ना ते बघा. शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो.

दवाखान्याच्या बाबतीत एक सापळा नव्या लोकांना माहीत नसतो. महिन्याचं वेतन २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू असतो, आणि त्यात तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडीलही उपचार घेऊ शकतात. पगारवाढ होऊन वेतन २१,००० च्या वर गेलं की एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च असा जो सहामाही काळ चालू असेल, त्याच्या शेवटी वर्गणी थांबते आणि पुढे काही महिन्यांत उपचाराचा हक्कही संपतो. म्हणजे वीस हजारांवरून बावीस हजारांवर नेणारी नवी नोकरी, आजारी आई-वडील असलेल्या घराला प्रत्यक्षात तोट्याची ठरू शकते. अशी ऑफर आली तर एचआरला एकच प्रश्न विचारा: मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत का, आणि रक्कम किती? उत्तर तोंडी घेऊ नका, पॉलिसीचा कागद बघा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आधार देते, पण ठरावीक उपचारांना आणि यादीतल्याच रुग्णालयांत. तुमच्या घराजवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे, हे आजच शोधून ठेवा. रात्री दोन वाजता वडिलांना रिक्षात बसवताना ते शोधता येत नाही. रोजच्या गोळ्या या योजनांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली औषधं बघा, बिलात ठळक फरक पडतो.

पायरी ५: प्रत्येक वाटेचं वाईट वर्ष लिहा

आता वाटांकडे येऊ. आपल्या ऑपरेटरसमोर चार वाटा आहेत आणि त्याच्या वयाच्या बहुतेक कामगारांसमोर याच असतात.

पहिली वाट, याच कामात एक पायरी वर. ऑपरेटर पीस लावतो, सायकल स्टार्ट करतो, गेजने माप तपासतो. सेटर पीस पकडणारे जॉ बदलतो, टूल लावतो, टूलच्या मापाची दुरुस्ती म्हणजे ऑफसेट देतो आणि पहिला पीस पास करून मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. प्रोग्रॅमर ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवतो. पगाराच्या पायऱ्याही याच क्रमाने चढतात. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे आणि इतर संस्थांत सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि कॅड-कॅमचे छोटे कोर्स चालतात. फी आपण २०,००० धरू. या वाटेचं वाईट वर्ष म्हणजे फी गेली, सुट्ट्या गेल्या आणि काही मिळालं नाही. घराचा पगार मात्र एक दिवसही थांबला नाही.

ही वाट बिघडते ती दोन ठिकाणी. शिफ्ट दर आठवड्याला फिरते आणि क्लास रोज संध्याकाळी असतो, मग तिसऱ्या आठवड्यात क्लास सुटतो. फी भरण्याआधी रविवारची किंवा शिफ्टप्रमाणे बदलता येणारी बॅच आहे का ते विचारा. दुसरं, नुसत्या सर्टिफिकेटवर कुणी सेटर करत नाही. मुलाखतीत हातात ड्रॉइंग देतात आणि प्रोग्रॅम लिहायला सांगतात, किंवा मशीनवर उभं करून टूल ऑफसेट घ्यायला लावतात. म्हणून कोर्स चालू असतानाच सुपरवायझरला सांगून आपल्या शिफ्टमधल्या सेटिंगला सेटरच्या बाजूला उभे राहा आणि प्रत्येक सेटिंग वहीत उतरवा: कोणता पार्ट, कोणता इन्सर्ट, किती ऑफसेट दिला, पहिला पीस कुठे चुकला. मुलाखतीत तीच वही कामाला येते. मध्ये तपासणीसाठी एक खूण सांगतो. सहा महिन्यांनंतरही एक सेटिंग कुणाच्या मदतीशिवाय करता येत नसेल, तर कोर्स नुसता कागदावर चालला आहे.

दुसरी वाट, कंपनी बदलणं. समजा बाहेरून ३२,००० ची ऑफर आली. तोंडाला पाणी सुटतं, पण आधी विचारा की रोल कुणाचा, कंपनीचा की ठेकेदाराचा? बारा तासांची शिफ्ट आहे का? ओटी काढून किती? उत्तर असं आलं की ठेकेदाराच्या रोलवर, बारा तास, आठ तासांचे २२,०००, तर ही बढती नाही. वाईट वर्षात काम सातव्या महिन्यात संपतं आणि तुम्ही पर्मनंट नोकरीही सोडलेली असते. शिवाय पाच वर्षं पूर्ण व्हायला एक वर्ष उरलं असताना सोडलं तर ग्रॅच्युइटी जाते. बेसिक आणि डीए मिळून १६,००० असतील तर हिशेब १६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ४६,०००. या घराला ते दोन महिन्यांचा किमान खर्च देतात. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नियम वेगळा आहे, तो आपल्या एचआरकडून समजून घ्या.

तिसरी वाट, स्वतःचं मशीन टाकून जॉब वर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट करून देणं. वाळूजमध्ये हे स्वप्न दर तिसऱ्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं आणि ते खरं करणारेही आहेत, म्हणून त्याचा हिशेब नीट करू. १५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता येतो सुमारे ३२,६००. त्यावर गाळ्याचं भाडं, वीज, टूलिंग. काम मिळालं तरी बिलाचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी हातात येतात. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला कायदा सांगतो, पण एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला नवा माणूस त्या कायद्याकडे बोट दाखवायला कचरतो. म्हणजे पहिले तीन महिने हप्ता खिशातून, आणि घरही खिशातूनच. हप्ता आणि खाली आलेला २३,३०० चा किमान खर्च धरला तरी महिन्याला जवळपास ५६,०००, आणि आवक शून्य. आज ४०,००० हातात असलेल्या घराचं हे वाईट वर्ष पहिल्याच महिन्यात सुरू होतं. मालकी व्यवसायात धंद्याचं कर्ज आणि घराची मालमत्ता यांत भिंत नसते, हेही लक्षात घ्या.

याचा अर्थ ही वाट कायमची बंद, असा नाही. मशीन घेण्याआधी गिऱ्हाईक तपासता येतं. ज्याचं मशीन दिवसाचे काही तास रिकामं असतं असा छोटा शॉपवाला शोधा, तासाच्या दराने त्याचं मशीन घ्या आणि दोन-तीन गिऱ्हाइकांची छोटी कामं करून द्या. त्यात रिजेक्शन किती होतं, पैसे प्रत्यक्ष किती दिवसांनी येतात, तेच गिऱ्हाईक पुन्हा काम देतं का, हे कळतं. पण त्याआधी आपलं नेमणूक पत्र वाचा. नोकरीत असताना बाहेरचं काम करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. तसं असेल तर परवानगीशिवाय करू नका, कारण या जोडधंद्यापायी मूळ पगार गेला तर सगळाच हिशेब कोसळतो. आणि काहीही झालं तरी वडिलांची शेती तारण ठेवू नका.

चौथी वाट, नोकरी सोडून स्पर्धा परीक्षा. यात वाईट वर्ष एकच येईल असं नसतं. जाहिरात, पूर्व, मुख्य, निकाल यांत वर्षं जातात आणि सात जणांच्या घराला पगाराशिवाय तेवढा काळ काढता येत नाही. करायचीच असेल तर नोकरी सांभाळून आणि कोणत्या प्रयत्नानंतर थांबायचं ते आधी लिहून.

पायरी ६: क्रम लावा

या घरासाठी मी असा क्रम लावेन. या महिन्यात टर्म आणि वीस रुपयांचा विमा. पुढच्या महिन्यापासून कोर्स. खर्चातून महिन्याला हजार कमी करायचे, मुलांच्या दुधाला आणि औषधाला हात न लावता. हप्ता संपला की तेच २,५०० त्याच तारखेला आरडीत वळवायचे. महिनाभर जरी हातात खेळले तरी ते घरात मुरतात.

आणि बायकोशी बसून बोलायचं. सासू-सासरे आणि मुलं सांभाळून तिला काही करावंसं वाटतं का, काय जमेल, कुणी हातभार लावला तर किती वेळ मोकळा होईल. शिवणकामातून, डब्यांतून महिन्याला ३,००० जरी आले, तरी रकमेपेक्षा मोठी गोष्ट घडते. ज्या महिन्यात तुमचा पगार थांबेल त्या महिन्यात घरात काहीतरी येत राहतं. मात्र तिच्यावर आधीच पूर्ण दिवसाचं काम आहे हे विसरून हे बोलणं सुरू करू नका.

वर्षाअखेरचा हिशेब असा: खर्चकपातीचे १२,०००, हप्त्याचे आठ महिन्यांचे २०,०००, शिवणकामाचे दहा महिन्यांचे ३०,०००, आणि नेहमीचे उरणारे २,०००. एकूण ६४,०००. त्यातून विमा आणि कोर्सचे ३०,००० वजा. उरले ३४,०००, आधीचे ४०,००० मिळून ७४,०००. पाच वर्षं पूर्ण करून सेटर म्हणून दुसऱ्या कंपनीत जायचं ठरलं तर ग्रॅच्युइटीचे ४६,००० मिळून १,२०,०००. कायद्याने ती ३० दिवसांत द्यायची असते. २३,३०० ने भागलं तर पाच महिन्यांपेक्षा थोडं जास्त. दीड महिन्यावरून पाच महिन्यांवर आलो, आणि अजून कोणताही धोका घेतलेला नाही.

मशीनचा विचार त्यानंतर दोन वर्षांनी. अटी आजच लिहून ठेवा: घराचे सहा महिने वेगळ्या खात्यात, कर्जाचे चार हप्ते त्याहून वेगळे, आणि निदान दोन गिऱ्हाइकांनी पैसे देऊन पुन्हा काम दिलेलं.

पायरी ७: परत फिरायची खूण आणि परत यायचं दार

कोणतीही वाट धरली तरी एक आकडा आधी ठरवा. आपल्या उदाहरणात बाजूचे पैसे ७०,००० च्या खाली, म्हणजे किमान खर्चाच्या तीन महिन्यांवर आले की नोकरी शोधायला सुरुवात. तीन महिने यासाठी, की नोकरी शोधून पहिला पगार हातात पडायला तेवढे लागू शकतात. हा आकडा बायकोला आणि घरातल्या आणखी एका जाणत्या माणसाला सांगून ठेवा. धंद्यात गुंतलेल्या माणसाला "पुढच्या महिन्यात बिल येईल" हे दर महिन्याला खरं वाटतं. बाहेर उभ्या असलेल्याला आकडा दिसतो. त्याच बसण्यात विम्याचे कागद, पीएफचा यूएएन, नॉमिनीची नावं आणि कुणाचं देणं-घेणं आहे, हे सगळं एका फाइलमध्ये लावून दाखवा.

जुनी नोकरी सोडताना नवं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. पूर्ण नोटीस द्या, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची पगार स्लिप घ्या. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते आणि मध्येच काढलं की ती साखळी तुटते. सोडल्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर जाऊन तुमची सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. जुन्या कंपनीने भरली नसेल तर आधार ओटीपीने तुम्ही स्वतः भरू शकता. ती रिकामी राहिली तर पैसे वर्ग करताना अर्ज अडकतो.